पानांची मोजणी आणि उर्दूचे पुस्तक

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मुलगी मोबाइल सोडत नाही, मग मोबाइलवरच वाचनाची नोंद ठेवणारे एखादे ॲप देऊ का? कोणते चांगले?" आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हा प्रश्न बहुधा आमच्याकडेच वळवला जातो. सभेच्या गडबडीत त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. शिवाय प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. ॲप कोणते, यापेक्षा ते ॲप काय मोजते हे आधी पाहावे. आमच्या घरात धाकट्या लेकीसाठी असे ॲप काही महिने वापरून झाले आहे. तेव्हा जे दिसले ते येथे सविस्तर सांगतो, कारण त्यातली अडचण विशेषतः आपल्यासारख्या दोन-तीन भाषांच्या घरांना लागू पडते.

ही ॲप ढोबळमानाने तीन तऱ्हेची असतात. पहिली तऱ्हा पुस्तकांच्या कपाटासारखी. वाचायचे आहे, वाचतो आहे, वाचून झाले, असे तीन कप्पे. पुस्तक एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवायचे आणि वर्षाला इतकी पुस्तके वाचीन असे लक्ष्य ठेवायचे. २००७ साली सुरू झालेले आणि २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलेले गुडरीड्स हे यातले एक जुने नाव. दुसरी तऱ्हा घड्याळाची. वाचायला बसताना बटण दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे, आणि कोणत्या पानावर थांबलो तो आकडा टाकायचा. तिसरी तऱ्हा म्हणजे ज्यात गोष्टीही ॲपमध्येच असतात. गुगलचे 'रीड अलाँग' या जातीचे. ते २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि चुकलेला शब्द दाखवते. त्यात पुढे मराठी आणि उर्दूही आल्या. अक्षरओळख पक्की होत असलेल्या लहान मुलाला त्याचा उपयोग होतो. पण घरातल्या कपाटातले पुस्तक त्यात येत नाही, म्हणून त्याचा विषय येथे एवढ्यावरच सोडतो.

आमची लेक पाचवीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, विज्ञान-गणित इंग्रजीतून. नाजरा मकतबमध्ये पूर्ण झालेला. उर्दू घरी शिकते आहे, आणि ती तिने शिकावी ही तिच्या दादीची मोठी इच्छा. दादीजवळ त्यांच्या लग्नाआधीपासून जपलेली उर्दू बालपुस्तके आहेत, डब्यात घालून ठेवलेली. त्यांचे म्हणणे असे की घरात ही पुस्तके वाचणारे शेवटचे माणूस आपण ठरू नये. आम्ही स्वतः उर्दू शिकवत असताना आमच्याच घरात ही भीती असावी, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मराठी माध्यमात जाणाऱ्या मुलाच्या हातून उर्दू किती सहज निसटते हे ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

पहिले ॲप लेकीच्या मामूंनी सुचवलेले. ते कपाटाच्या तऱ्हेचे होते. खाते तिच्या अब्बूंच्या नावाने आणि त्यांच्याच फोनवर उघडले. यातली पहिली गोष्ट अशी की गुडरीड्ससारख्या ॲपमध्ये १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडण्याची परवानगीच नाही. कारणही योग्य आहे, कारण तेथे अनोळखी वाचक एकमेकांच्या नोंदी पाहतात आणि त्यावर लिहितात. मुलाचे वय खोटे टाकून खाते उघडून देणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा खाते पालकाचे असावे आणि खासगी ठेवावे.

लक्ष्य ठेवले वर्षाला ५० पुस्तके. पहिले तीन आठवडे लेक खूश होती. ॲपमध्ये ११ पुस्तके 'वाचून झाली'च्या कप्प्यात गेली. एका रविवारी आम्ही ती यादी नीट पाहिली. नऊ पुस्तके मराठी, १६ ते २४ पानांची, मोठ्या अक्षरांची. दोन इंग्रजी चित्रपुस्तके. उर्दूचे एकही नाही. 'फास्टर फेणे'चा जो भाग तिने स्वतः हट्टाने मागून घेतला होता, तोसुद्धा अर्ध्यावर पडलेला, कारण तो जाड होता.

तिला विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले, "अम्मी, उर्दूचं पुस्तक संपतच नाही. त्यात माझा नंबर वाढत नाही."

यात मुलीचे काही चुकत नव्हते. तिने हिशेब बरोबर केला होता. त्या आठवड्यात आम्ही घड्याळ लावून तिचा वेग पाहिला. पंधरा मिनिटांत मराठी पुस्तकाची नऊ पाने होत, इंग्रजीची चार, आणि दादीच्या डब्यातल्या उर्दू पुस्तिकेची दोन. ती पुस्तिका ४८ पानांची. म्हणजे ती संपवायला २४ बैठका. तेवढ्याच बैठकांत १६ पानांची मराठी पुस्तके दोन दोन बैठकांना एक या हिशेबाने १२ होतात. ॲपच्या नजरेत एका बाजूला बारा पुस्तके, दुसऱ्या बाजूला एक. दहा वर्षांच्या मुलीने काय निवडावे? लक्ष्य पुस्तकांऐवजी पानांमध्ये ठेवले तरी फरक पडत नाही. पंधरा मिनिटांच्या नऊ पानांपुढे दोन पाने फिकीच दिसतात. ज्या भाषेत मूल कच्चे आहे तीच भाषा अशा मोजणीत मागे पडते, आणि कोणी तिला सोडायला सांगितले असेही होत नाही.

म्हणून मोजमाप बदलले. पुस्तके नाहीत, पाने नाहीत, फक्त मिनिटे. रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस. मंगळवार आणि शुक्रवार उर्दू, बाकी चार दिवस तिची मर्जी. उर्दूची दोन पाने आणि मराठीची नऊ पाने आता सारखीच उतरू लागली. पाने लिहिली जात होती, पण लक्ष्य म्हणून नाही, फक्त खूण म्हणून. त्यासाठी घड्याळाच्या तऱ्हेचे ॲप घेतले. यात प्रत्येक पुस्तकाला एखादा शेरा किंवा खूण जोडता येते. आम्ही भाषेची खूण जोडली, म्हणजे महिन्याच्या शेवटी कोणत्या भाषेला किती मिनिटे गेली हे एका नजरेत दिसते. ॲप निवडताना आमच्या मते एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे. लक्ष्य मिनिटांत ठेवता येते का, आणि भाषेची खूण जोडता येते का.

मिनिटांतही एक खोट आहे. मूल पुस्तक उघडे ठेवून पंधरा मिनिटे छताकडे पाहू शकते. ते कसे ओळखावे हे पुढे सांगतो.

आधी पुस्तक ॲपमध्ये भरण्याची गोष्ट, कारण येथे बरेच जण कंटाळून सोडून देतात. इंग्रजी पुस्तकाच्या पाठीवरची रेघांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली की नाव, चित्र, पानांची संख्या आपोआप येते. त्या पट्टीत १३ अंकी आयएसबीएन असतो. भारतीय पुस्तकांचा बहुधा ९७८ नंतर ८१ किंवा ९३ ने सुरू होतो. पण मराठी पुस्तक धरले की पुष्कळदा 'सापडले नाही' असे उत्तर येते, कारण ॲप ज्या यादीतून शोधते त्या यादीत ते कोणी भरलेलेच नसते. जुन्या उर्दू पुस्तिकांवर तर हा क्रमांकच नसतो. 'किशोर' किंवा 'गुलबूटे'सारख्या मासिकांचे अंक पुस्तकांच्या ॲपला कळत नाहीत, कारण मासिकांना पुस्तकांचा क्रमांक नसतो. त्यांची पट्टी असली तर ९७७ ने सुरू होते. आणि उर्दू पुस्तकाची पट्टी शोधताना मुले चुकीची बाजू उलटतात, ही गंमत वेगळीच. उजवीकडून उघडणाऱ्या पुस्तकाची पाठ म्हणजे इंग्रजी पुस्तकाचे तोंड.

उपाय साधा आहे. बहुतेक ॲपमध्ये पुस्तक हाताने भरण्याची सोय असते, तीच वापरावी. नाव, लेखक, एकूण पाने, आणि हवे असल्यास मुखपृष्ठाचा फोटो. उर्दू नाव उर्दू लिपीत लिहिले तर पुढे शोधताना ते सापडत नाही असेही होते. याचे कारण आम्हाला शाळेतल्या संगणकावर काम करताना कळले होते. अरबी कीबोर्डची 'ये' आणि 'काफ' आणि उर्दू कीबोर्डची 'ये' आणि 'काफ' डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरे असतात. एका फोनवर एका कीबोर्डने भरलेले नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधले की हाती काही लागत नाही. म्हणून आमच्या यादीत उर्दू पुस्तकांची नावे देवनागरीत आहेत. 'अब्बू खाँ की बकरी', डॉ. झाकिर हुसेन, उर्दू. असे.

आता फोन कोणाच्या हातात, हा प्रश्न. वाचनाची सवय लावायची आणि त्यासाठी रोज मुलाच्या हातात फोन द्यायचा, यात उघडच विरोध आहे. घड्याळ सुरू करायला फोन उचलला की वर तीन संदेश दिसतात, मग एक व्हिडिओ, आणि पंधरा मिनिटे तेथेच जातात. आमच्या घरी फोन मोठ्यांकडेच राहतो. घड्याळाचे बटण आम्ही दाबतो आणि फोन पालथा ठेवतो. लेकीजवळ वही. वहीत तिने पाच गोष्टी लिहायच्या. तारीख, पुस्तक, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, आणि अडलेला एखादा शब्द. पाचवा रकाना मिनिटांचा, तो शेवटी. लिहायला एका मिनिटापेक्षा जास्त लागू नये हा नियम. सारांश लिहा, आवडलेले वाक्य लिहा, शिकवण लिहा, असे रकाने वाढवले की मूल वाचनाऐवजी त्या रकान्यांची धास्ती घेते. रविवारी आम्ही ती वही ॲपमध्ये उतरवतो, सहा नोंदी, दहा मिनिटांचे काम. उर्दू पुस्तकातले पान-आकडे उर्दू अंकांत असतात. ते मराठी किंवा इंग्रजी अंकांत उतरवताना सुरुवातीला तिचा चार आणि सहा यांत गोंधळ व्हायचा. आठवड्याभरात तो गेला आणि उर्दू अंक पक्के झाले, हा वरचा फायदा.

कोणी विचारेल, मग ॲप कशाला, वहीच पुरे. खरे आहे, ज्या घरात एकच भाषा आणि एकच मूल आहे तेथे वही पुरते. ॲपचा उपयोग मुलाला नसून पालकाला आहे. आठ-दहा आठवड्यांच्या नोंदी भाषेनुसार वेगळ्या करून पाहणे वहीत जमत नाही. आम्ही जे पुढे पाहिले ते अशाच एका तक्त्यावरून.

उर्दूचे पहिले तीन आठवडे असे गेले. मंगळवार दोन पाने, शुक्रवार दोन पाने, पुन्हा दोन. मराठीचा आकडा नऊवरून अकरावर गेला, उर्दूचा हलला नाही. सहा बैठकांनंतरही वेग तसूभर न वाढणे म्हणजे सराव कमी पडतो असे नव्हे, मूल प्रत्येक पानावर कशाला तरी अडते आहे. मग पाचव्या रकान्याआधीचा तो अडलेल्या शब्दांचा रकाना पाहिला. 'इल्म' तिने 'अलम' वाचले होते. 'मुल्क'ला 'मलिक'. असे डझनभर शब्द.

हे शिक्षक म्हणून आम्हाला ओळखीचे होते. मकतबमध्ये मूल जी अक्षरे वाचते त्यांवर जेर, जबर, पेश सगळे दिलेले असते. प्रत्येक अक्षराचा उच्चार डोळ्यांपुढे असतो, आणि लिपी नस्ख वळणाची, सरळ ओळीत चालणारी. उर्दू छापील पुस्तकात हे स्वर लिहिले जात नाहीत, आणि लिपी नस्तालीक, जिच्यात अक्षरे तिरकी उतरत एकमेकांवर चढतात. ऐन, लाम, मीम एवढेच लिहिलेले असते. ते 'इल्म' की 'अलम' हे वाक्य समजल्याशिवाय ठरत नाही. मीम, लाम, काफ तर 'मुल्क', 'मलिक', 'मलक', 'मिल्क' काहीही होऊ शकते. ज्याला शब्द आधीच कानाने माहीत आहे तो मोठा माणूस अडत नाही. मराठी बोलणारे मूल अडते, आणि लोक म्हणतात, कुराण शरीफ वाचते मग उर्दू का येत नाही? ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

हे कळल्यावर काम दादींनी हाती घेतले. येणाऱ्या मंगळवारच्या दोन-तीन पानांवर, जे शब्द लेक अडेल असे त्यांना वाटे, फक्त त्यांवरच, त्या शिसपेन्सिलीने बारीक जेर-जबर-पेश देऊन ठेवत. प्रत्येक शब्दावर नाही. सगळीकडे दिले तर मूल त्यांवरच टेकून राहते. आणि पहिले अर्धे पान त्या स्वतः मोठ्याने वाचून दाखवत, म्हणजे गोष्टीतले शब्द कानावरून जात. चौथ्या आठवड्यापर्यंत आकडा दोनच राहिला. पाचव्या आठवड्यात तीन झाला आणि सातव्यापर्यंत तीनच होता. आठव्यात चार. दादींच्या पेन्सिलीच्या खुणा तोवर पानाला दहा-बारावरून तीन-चारवर आल्या होत्या. हिशेब जुळवायचा तर पहिल्या आठ बैठकांत सोळा पाने, पुढच्या सहांत अठरा, आणि उरलेली चौदा चार बैठकांत. ४८ पानांची पुस्तिका अठराव्या बैठकीला, नवव्या आठवड्याच्या शुक्रवारी संपली. सुरुवातीच्या वेगाने २४ लागल्या असत्या. पुस्तकांच्या मोजणीत नऊ आठवड्यांची ही सारी मेहनत 'एक' एवढीच दिसली असती.

नोंद खरी की खोटी, हे ओळखण्याबद्दल. वर्गात वाचन-डायऱ्या तपासून आमचे डोळे सरावले आहेत. खरी नोंद ओबडधोबड असते. कधी सात पाने, कधी साडेतीन, कधी बारा मिनिटांत उठलो कारण पाहुणे आले. रोज बरोबर दहा पाने आणि बरोबर पंधरा मिनिटे दिसली, सहा दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने एकाच तिरक्या हाताने उतरलेल्या असल्या, घरात लग्न होते त्या दिवशीही वाचन झालेले असले, की समजावे ही शनिवारी रात्री भरली. ॲपमध्ये हेच आणखी सोपे. नोंद कोणत्या तारखेची आणि ती टाकली कधी, हे काही ॲप वेगवेगळे दाखवतात. पण छताकडे पाहणारे मूल यातून पकडता येत नाही. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो, तोही जेवताना, सहज. "मग आता कुठवर आली गोष्ट?" वाचलेले असेल तर मूल थांबत नाही. वाचलेले नसेल तर 'छान आहे' असे म्हणते. तेवढ्यावर सोडून द्यावे. तेथेच उलटतपासणी सुरू केली तर पुढच्या वेळी ते गोष्टही सांगत नाही.

सह्या आणि सक्तीबद्दल एक संशोधन येथे सांगण्याजोगे आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पाक आणि वेस्ली या दोघींनी दुसरी-तिसरीच्या मुलांचे दोन गट पाहिले. एका गटाला रोजची वाचन-नोंद सक्तीची, दुसऱ्याला ऐच्छिक. सक्तीच्या गटाची वाचनातली गोडी कमी झाली, ऐच्छिक गटाची वाढली. आम्ही हे वाचल्यापासून आमच्या वर्गात डायरीवर पालकांची सही मागत नाही. काही पालकांना ते शिस्तीचे वाटत नाही. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे आणि तो राहील.

ॲपमधली ज्वाला ही आणखी एक बाब. सलग किती दिवस वाचले त्याचा आकडा आणि शेजारी एक ज्योत. एक दिवस चुकला की आकडा शून्य. लेकीच्या त्या घड्याळवाल्या ॲपमध्येही हे होते. एकोणिसाव्या दिवशी ती आत्याकडे गेली होती. रात्री पावणेबाराला परतल्यावर झोपेने डोळे मिटत असताना तिने आधी वाचलेले एक पातळ पुस्तक दोन मिनिटे उघडले, घड्याळ लावायला लावले, आणि झोपली. ज्योत वाचली, वाचन काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ती सोय सेटिंगमधून बंद केली. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात ९६ जणांच्या नव्या सवयी कशा रुळतात ते पाहिले होते. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला अडीचशेच्या वर, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तो अभ्यास मोठ्या माणसांचा आणि खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सवयींचा होता, मुलांच्या वाचनाचा नव्हता, हे लक्षात ठेवूनही शून्यावर आणणारी ज्योत निरर्थक आहे असेच आम्हाला वाटते.

आपल्या घरांत तर ती हमखास विझते, कारण रमजान येतो. दिवसाचा सगळा क्रम बदलतो, वाचन तरावीहनंतर सरकते, आणि बारा वाजून गेल्यावर वाचलेले ॲप दुसऱ्या दिवसाच्या खात्यात टाकते. मुलीने रोज वाचले, तरी ॲपच्या लेखी एक दिवस कोरा आणि एका दिवसात दोनदा. ॲपच्या घंटेचेही असेच. ती घड्याळाची ठरावीक वेळ मागते. आमच्याकडे वाचनाची वेळ मगरिबनंतरची, कारण तेव्हा सगळे घरात असतात आणि इशापर्यंत मोकळा वेळ असतो. पण सोलापुरात नोव्हेंबरच्या शेवटी मगरिब पावणेसहाच्या सुमारास होते आणि जूनच्या शेवटी सातच्या पुढे. सात वाजताची घंटा हिवाळ्यात तासभर उशिरा आणि पावसाळ्याच्या तोंडावर ऐन अजानीच्या वेळी वाजते. आम्ही घंटा बंद केली. नमाज झाली की जानमाजची घडी, मग पुस्तक, असा क्रम लावला. घड्याळापेक्षा असा आधीच्या कामाला जोडलेला क्रम मुलाच्या लवकर लक्षात राहतो.

एक प्रश्न लेकीने विचारला आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली. तिलावतची मिनिटे या ॲपमध्ये टाकायची का? तिचे म्हणणे, ते वाचनच आहे, रोजचे आहे, आणि टाकले तर मिनिटे वाढतील. तिच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर होते. आम्ही नाही म्हणालो. तिलावत आकडे वाढवण्यासाठी होऊ नये, तिचा हिशेब ठेवणारा वेगळा आहे. दादींनी तिला एवढेच सांगितले, "बेटा, हर चीज गिनने की नहीं होती." लेकीला ते पटले असे दिसले. पुन्हा तिने विचारले नाही.

पुस्तिका संपली त्या शुक्रवारनंतर नोंदी विरळ होऊ लागल्या. चौथ्या महिन्यात वहीत आठवड्याला दोन-तीनच ओळी दिसत, पण पुस्तकातली खूण मात्र पुढे सरकत होती. आम्ही आठवण करून दिली नाही. मिनिटे मोजणे थांबवले, आता ॲपमध्ये फक्त पुस्तकाचे नाव आणि संपल्याची तारीख टाकतो. फोन बदलताना ती यादी जाऊ नये म्हणून एक प्रत वहीच्या शेवटच्या पानावर लेकीनेच उतरवून ठेवली आहे. त्यात मराठी एकवीस, इंग्रजी सहा, उर्दू तीन. तिसरे उर्दू पुस्तक दादींच्या डब्यातले नाही. ते तिने शाळेच्या वाचनालयातून स्वतः आणले, आणि त्यावर कोणी पेन्सिलीने खुणा केलेल्या नाहीत. सध्या ती अकराव्या पानावर आहे.